ओलं बोट, उतरलेले सेल आणि दाराचं कुलूप

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : चोरट्यांनी कडीकोयंडा तोडून घरात प्रवेश केला. कुलूप कुठल्या कंपनीचं होतं, किल्लीचं की बोटाच्या ठशाचं, याचा उल्लेख बहुधा नसतो, कारण चोर कुलपाशी झटत बसत नाही. तो कटावणी घालतो आणि जिथे लाकूड, स्क्रू किंवा पत्रा कच्चा असेल तिथे दार उचकटतो. त्यात दाराला बाहेरून लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नसल्याची जाहीर पाटीच. म्हणून फ्लॅटच्या दाराला दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस लॉक असावं, त्याचा बोल्ट चौकटीत खोल जावा आणि चौकटीवरची पट्टी लांब स्क्रूंनी पक्की केलेली असावी. खरी सुरक्षितता इथे आहे.

स्मार्ट लॉक उघडून पाहिलं, तर आत बोल्ट तोच असतो. फरक एवढाच, की किल्लीऐवजी मोटर आदेश देते. स्मार्ट लॉक घेतल्याने दार जास्त मजबूत होतं असं विक्रेता सांगत असेल, तर ते मला मान्य नाही. मिळते ती सोय, आणि ती खरी आहे. कामाला येणाऱ्या मावशींना ठरावीक वेळेपुरता आकडा देता येतो, मुलांना शाळेत किल्ली न्यावी लागत नाही आणि आकडा फुटला तर कुलूप न बदलता आकडा बदलता येतो. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून कोणी डुप्लिकेट काढून घेतली का, ही धास्तीही उरत नाही. या सोयीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते : सेल आणि बोट.

सेलचा हिशोब साधा आहे. समजा, ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये स्वतःच बोल्ट सरकवणारं लॉक आहे, चार पेन्सिल सेलवर चालणारं. दार दिवसाला वीस वेळा उघडतं आणि लागतं, म्हणजे मोटर चाळीस वेळा फिरते. दर वेळी एक सेकंद आणि अडीचशे मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला तीनएक मिलिअँपिअर-तास जातात. लॉक नुसतं जागं राहायलाही जवळपास तेवढेच खर्च होतात. अल्कलाइन सेलमधून हाताशी येणारे दोन हजार धरले, तर वर्षभर चिंता नाही. वाय-फाय सतत चालू ठेवलं, तर हा आकडा झपाट्याने खाली येतो. ज्या लॉकमध्ये मोटर फक्त आतली पकड जुळवते आणि बोल्ट तुम्ही हँडल दाबून मागे घेता, त्याला वीज आणखी कमी लागते.

मग पावसाळा येतो. दमट हवेने लाकडी दार फुगतं, किंवा बिजागऱ्या सैल होऊन दार किंचित खाली बसतं, आणि बोल्ट चौकटीच्या पट्टीवर घासू लागतो. मोटरला दुप्पट वीज लागली आणि वेळ तिप्पट लागला, तर तेच सेल साडेतीन महिन्यांत संपतात. लोक लॉकला दोष देतात, सेल बदलतात आणि पुन्हा तेच होतं. ओळखायची रीत सोपी आहे. दार उघडं ठेवून बोल्ट बाहेर-आत करून पाहा, मग दार लावून पाहा. उघड्या दाराला आवाज मोकळा आणि लावलेल्या दाराला रखडता येत असेल, तर मेकॅनिक नव्हे, सुतार बोलवा. पट्टीची खाच थोडी कानसली किंवा बिजागरी वर घेतली, की काम होतं.

सेल कुठले घालायचे, हेही महत्त्वाचं. अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरतो, म्हणून लॉकला आधी इशारा देता येतो. चार्ज होणारे पेन्सिल सेल मुळात १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. ते बराच वेळ एकसारखे चालतात आणि शेवटी एकदम बसतात, त्यामुळे इशारा एकतर कायम वाजतो किंवा फार उशिरा वाजतो. लॉकसोबतच्या पुस्तिकेत परवानगी नसेल, तर ते घालू नका. नवे-जुने एकत्रही नकोत. मे महिन्यात घर महिनाभर बंद राहणार असेल, तर निघण्याआधी सेल बदला, कारण उतरलेला अल्कलाइन सेल गळून आतले संपर्क खाऊ शकतो.

तरीही सेल संपले, तर? बहुतेक लॉकना बाहेरच्या बाजूला, सहसा खाली, दोन छोटे धातूचे ठिपके किंवा यूएसबीचं तोंड असतं. ठिपक्यांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरायची, किंवा यूएसबीला पॉवर बँक लावायची. यामुळे आतले सेल चार्ज होत नाहीत. लॉकला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि आकडा किंवा बोट नेहमीप्रमाणेच द्यावं लागतं. दुसरा मार्ग जादा किल्लीचा. ती पुष्कळ घरांत आत, कपाटात ठेवलेली असते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी बंद दारामागे. ती विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे, गाडीत किंवा ऑफिसात ठेवा. शिवाय महिन्यातून एकदा ती फिरवून पाहा. न वापरलेलं सिलिंडर समुद्राजवळच्या हवेत जाम होतं. त्यात खोबरेल किंवा मशीनचं तेल ओतू नका, धूळ धरून ते चिकट होतं. ग्राफाइटची भुकटी घाला.

आता बोट. सध्याच्या बऱ्याच लॉकमध्ये ठसा विजेच्या सूक्ष्म फरकावरून वाचला जातो. बोटावरच्या रेघांचे उंचवटे काचेला टेकतात, मधल्या खाचांत हवा राहते, आणि या दोहोंतल्या फरकातून नक्षी उमटते. ओल्या बोटाच्या खाचांत हवेऐवजी पाणी भरतं आणि फरकच पुसला जातो. भांडी घासून आलेल्या हातांचं दुखणं आणखी एक : बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटाला सुरकुत्या पडतात, आणि ते नुसतं पुसून भागत नाही. म्हाताऱ्या किंवा कष्टाच्या हातांवरच्या रेघाच झिजलेल्या असतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा न उमटणाऱ्या आजींना घरच्या दारावरही तोच त्रास होणार.

भिजलेल्या माणसाची पहिली चूक म्हणजे पुन्हा पुन्हा बोट लावणं. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉक काही वेळ बंद पडतं. त्याऐवजी आधी बोट कोरड्या कापडाला पुसा, मग काचही पुसा, कारण आधीच्या प्रयत्नाचं पाणी तिच्यावर राहिलेलं असतं. नोंदणी करताना एकाच बोटाचा ठसा दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या कोनांतून द्या. त्यातली एक नोंद हात धुऊन, पुसून, किंचित दमट असताना करा. उजव्या हातात पिशव्या असतात, म्हणून डाव्या हाताचं बोटही नोंदवा.

बोट चाललं नाही तर आकडा दाबू, हा विचार पावसात फसू शकतो. गुळगुळीत स्पर्शाच्या पाटीवर पाण्याचे थेंब असतील, तर तीही गोंधळते, भलताच आकडा लागतो किंवा लागतच नाही. दाबायची खरी बटणं असलेलं लॉक, किंवा टेकवायचं कार्ड, ओल्या हातांना जास्त भरवशाचं. दुकानात पाहायला गेलात, तर बोट ओलं करून लावून दाखवा म्हणा. कोरड्या बोटाने सगळीच लॉक उघडतात.

एकटे राहणारे वयस्कर आई-वडील असतील, तर मी त्यांच्या दाराला चांगलं यांत्रिक मॉर्टिस लॉकच बसवेन आणि एक किल्ली शेजारी देईन. घरात माणसांची ये-जा जास्त असेल, तर किल्लीचं सिलिंडर असलेलं स्मार्ट लॉक घ्यावं. सिलिंडर नसलेलं मी घेणार नाही. ते आतल्या लाकडी दाराला बसवावं, बाहेरच्या जाळीच्या सेफ्टी डोअरला नाही. तिथे पावसाचे शिंतोडे थेट काचेवर येतात.