पट्टीवरच्या पंचवीस खुणा

विटांच्या भिंतीला गिलावा झाला की थर दिसेनासे होतात. म्हणून बांधकामावर एक वाक्य सारखं कानावर पडतं, "राहू दे, गिलाव्यात जाईल." गिलाव्यात काही जात नाही. थर तिरके गेले की खिडकीच्या लिंटेलखाली एका बाजूला विटेचे तुकडे कोंबावे लागतात. भिंतीला पोट आलं तर ते झाकायला एका जागी गिलावा जाड चढतो आणि पुढे तिथेच भेगा पडतात. हे सगळं टाळायला लागतात एक खुणा केलेली पट्टी आणि एक दोरी. काही ठिकाणी पट्टीला गेज रॉड म्हणतात, पण साध्या बोलण्यात ती गेजची पट्टीच. नव्या गवंड्याने थापीइतकंच लक्ष या दोन गोष्टींकडे द्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

पट्टीवर खुणा करण्याआधी विटा मोजाव्या लागतात. भट्टीची वीट एकसारखी नसते. एक ७२ मिलिमीटर उंच निघते, तर दुसरी ७८. म्हणून ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून दहा विटा काढून कोरड्याच एकावर एक रचायच्या आणि पूर्ण उंची घ्यायची. ती ७५० मिलिमीटर भरली, तर सरासरी वीट ७५ ची.

आता एक साधी खोली घेऊ. जोत्यापासून लिंटेलच्या तळापर्यंत २१०० मिलिमीटर हवेत. सांधा १० चा धरला तर वीट आणि सांधा मिळून एक थर ८५ चा होतो आणि २१०० मध्ये असे जवळजवळ पावणेपंचवीस थर बसतात. पाऊण थर बांधता येत नाही. मग थर पूर्ण पंचवीस धरायचे आणि २१०० ला २५ ने भागायचं. एक थर ८४ चा आला, म्हणजे सांधा ९ चा, गवंड्याच्या भाषेत जेमतेम तीन सूत. चोवीस थर धरले असते तर सांधा साडेबाराचा झाला असता. इतक्या जाड सांध्यात सिमेंटही जास्त जातं आणि ओल्या मालावर वीट खचतेही. खिडकीचा तळही याच वेळी पाहून घ्यावा. दहा थर म्हणजे ८४०. खिडकीचा तळ ९०० वर हवा असेल तर मधले ६० मिलिमीटर तळपट्टीला मिळतात. हा हिशोब पहिली वीट ठेवायच्या आधी झाला की पुढे कुठेच विटा फोडून जागा भरावी लागत नाही.

पट्टी सरळ, वाळलेल्या लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीची असावी. खुणा करताना टेप एका टोकाला धरायचा आणि तो न हलवता ८४, १६८, २५२ असं वाचत जायचं. प्रत्येक खुणेपासून पुढची ८४ मोजत गेलं आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकला, तर पंचविसाव्या खुणेला साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो. एक सांधा गेलाच की.

तरी पट्टी टेकवायची कुठे, इथे बहुतेक जण चुकतात. ती सरळ जोत्यावर उभी केली जाते, आणि जोतं क्वचितच पाणसळीत असतं. आपल्या खोलीच्या चार कोपऱ्यांत पाण्याची नळी फिरवू. (नळीत एकही बुडबुडा नको, नाहीतर पाणीही खोटं बोलतं.) सर्वांत उंच कोपऱ्यापासून १०० मिलिमीटर खाली, जोत्याच्या बाहेरच्या अंगाला एक खूण करायची, आणि नळीतल्या पाण्याच्या आधाराने तीच पातळी उरलेल्या तीन कोपऱ्यांवर न्यायची. आता खुणेपासून जोत्याच्या माथ्यापर्यंत मोजलं तर समजा पहिल्या कोपऱ्यात १०० भरले, दुसऱ्यात ९४, तिसऱ्यात ८६, चौथ्यात ९६. म्हणजे तिसरा कोपरा १४ मिलिमीटर खाली आहे. चारही खुणांवर पक्के खिळे ठोकायचे, पट्टीच्या तळाशी १०० चं जास्तीचं माप धरून त्यापुढे थरांच्या खुणा करायच्या, आणि पट्टी नेहमी खिळ्यावरच टेकवायची.

मग पहिल्या थराखालचा माल पहिल्या कोपऱ्यात ९ मिलिमीटर राहतो, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २३, चौथ्यात १३. जोत्याची सगळी चूक या एकाच थराने गिळली. पहिल्या थराचा माथा चारही कोपऱ्यांत एका पातळीत आला, आणि वरच्या चोवीस थरांना त्या चुकीशी काही देणंघेणं उरलं नाही. फरक याहून मोठा असता तर जाड मालावर भरवसा न ठेवता खाली बारीक खडीचं काँक्रीट टाकून घ्यावं.

कोपऱ्यातल्या विटा पट्टी आणि ओळंब्याने बसवल्या की दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणायची. दोरी विटेच्या वरच्या कडेला असते, याला कारण आहे. वीट ७२ ची असो वा ७८ ची, माथा दोरीलाच आला पाहिजे. कमीजास्त काय ते खालच्या मालात जिरतं. थराचा तळ जुळवायला गेलं की प्रत्येक विटेचा दोष वरच्या थराला वारसा म्हणून मिळतो.

विटेचा माथा दोरीच्या बरोबरीला हवा, पण विटेचं अंग दोरीला लागता कामा नये. दोरीच्या जाडीइतकी फट मधे राहू द्यावी. एक वीट जरी टेकली तरी ती दोरीला बाहेर ढकलते, पुढच्या विटा त्या वाकलेल्या दोरीमागे जातात आणि भिंतीला पोट येतं. म्हणून दर चारपाच विटांनी एक डोळा मिटून दोरीच्या रेषेत पाहायचं.

दोरीला झोळही येतो. मीटरला एक ग्रॅम वजनाची नायलॉनची दोरी दोन किलोच्या ताणाने नऊ मीटरवर बांधली, तर मधोमध ती सुमारे पाच मिलिमीटर खाली येते. अंतर निम्मं केलं की झोळ चौपट कमी होऊन सव्वा मिलिमीटरवर येतो. म्हणून लांब भिंतीत मध्यावर एक वीट आधी बसवून तिच्यावर दोरीला आधार देतात. ही वीट मात्र त्याच झोळ पडलेल्या दोरीने बसवू नये. खिळ्याची पातळी मध्यावरही आणून ती पट्टीनेच बसवावी.

वीट दोरीला आणताना थापीच्या मुठीने हलके ठोकून खाली बसवतात. त्यासाठी वीट नीट भिजलेली लागते. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि क्षणात हलेनाशी होते. ठोकताना वीट दोरीच्या खाली गेली तर ती उपटून वर ओढू नये, कारण सांधा आत सुटतो. ती काढून, जुना माल खरवडून, ताज्या मालावर पुन्हा ठेवावी. एका दिवसात साधारण दीड मीटरच्या वर चढू नये, आपल्या हिशोबाने सतरा थर. त्याहून वर गेलं की खालचे ओले सांधे दबतात आणि पट्टीशी जमवलेलं माप रात्रीतून बिघडतं.

उभ्या सांध्यांसाठी पहिला थर कोरडाच मांडून पाहावा, म्हणजे टोकाला नखाएवढा तुकडा उरत नाही.

दर चार थरांनी दोन्ही टोकांना पट्टी लावावी. समजा बाराव्या थराला, १००८ वर, एका टोकाला माथा पाच मिलिमीटर वर निघाला. तिथे तेराव्या थरात एकदम चारचा सांधा धरला तर वीट मालात नीट बसणारच नाही. त्याऐवजी त्या टोकाकडचे पुढचे पाच सांधे प्रत्येकी ८ चे धरावे. सतराव्या थराला माथा पुन्हा १४२८ च्या खुणेवर येतो, दोरी पाणसळीत येते, आणि एवढा फरक डोळ्यालाही जाणवत नाही.