ड असेल तरच क

सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी चौघांची समिती नेमायची आहे आणि इच्छुक आहेत सात : अ, ब, क, ड, इ, फ आणि ग. अ आणि ब सख्खे भाऊ. एका घरातून दोघे भाऊ नकोत, असं ठरलेलं. क नवखा, ड असेल तरच यायला तयार. इ आणि फ नवराबायको; येतील तर दोघं, नाहीतर कोणीच नाही. ग आणि ड यांचं पार्किंगवरून बिनसलेलं, ते एका समितीत बसणार नाहीत. बँकांच्या आणि एमपीएससीच्या परीक्षांत निवडीचे प्रश्न येतात ते याच घडणीचे.

अटी नसत्या तर सातांतून चौघे 35 प्रकारे निवडता आले असते. ते सगळे लिहून तपासण्यापेक्षा आधी नवराबायकोला बाजूला ठेवून बघू. उरले पाच. त्यांत अ-ब पैकी फार तर एक, ड-ग पैकी फार तर एक, आणि क. झाले तीनच! म्हणजे इ आणि फ यांना घेतल्याशिवाय समिती होतच नाही. त्यांना घ्यायलाच हवं असं एकही अट म्हणत नाही, तरी सगळ्या अटी मिळून तेच सांगतात.

आता दोनच जागा भरायच्या. ग आला तर ड गेला, आणि ड नाही म्हणून क ही गेला. मग दुसरी जागा अ किंवा ब ची : दोन समित्या. ग नसेल तर उरतात अ-ड, ब-ड आणि क-ड या जोड्या. एकूण पाच.

चुका होतात त्या अट वाचताना. ‘दोघे भाऊ नकोत’ याचा अर्थ ‘एक तरी हवा’ असा लावला की क-ड ही जोडी हातची जाते आणि उत्तर चार येतं. त्या समितीत दोन्ही भाऊ नाहीत, तरी अट मोडत नाही. दुसरी चूक ‘ड असेल तरच क’ ही अट उलटी वाचण्याची. ड आला म्हणून क आलाच पाहिजे, असं समजलं की अ-ड आणि ब-ड बाद होऊन तीनच समित्या उरतात. या अटीतून उलट दिशेने एवढंच निघतं की ड नसेल तर क नाही. अशा अटीच्या शेजारी तिचं हे दुसरं रूपही लिहून ठेवावं. वरच्या मांडणीत ग आल्यावर क गळाला, तो याच रूपामुळे.

आणि यंदा इ-फ गणपतीत गावाला जाणार असतील तर? कितीही बैठका घ्या, समिती होणार नाही. मग दोन्ही भावांना तरी घ्यावं, नाहीतर पार्किंगचं भांडण मिटवावं.