पामिटिक आम्लाच्या दोन वाटा

जेवणानंतर यकृत जास्तीच्या साखरेपासून मेद बनवते आणि उपास घडला की तेच यकृत मेद जाळते. पामिटिक आम्ल, म्हणजे 16 कार्बनांची साखळी, समोर ठेवून हे समजून घेऊ.

ही साखळी तुटते कुठे आणि बनते कुठे?

तुटते मायटोकॉन्ड्रियाच्या आत, बनते बाहेर पेशीद्रवात. मात्र लांब साखळीला मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून थेट जाता येत नाही. सीपीटी-1 हे एन्झाइम तिला कार्निटिन या छोट्या रेणूशी जोडते, तेव्हा ती आत पोचते. तिथे दर फेरीला दोन कार्बन सुटतात. 7 फेऱ्यांत असिटिल-कोएचे 8 तुकडे होतात आणि निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच व एफएडीएच2 घेऊन जातात. त्यातूनच पुढे ऊर्जा मिळते.

मग हीच क्रिया उलटी फिरवून मेद का बनत नाही?

कच्चा माल चुकीच्या जागी असतो, ही पहिली अडचण. असिटिल-कोए तयार होते आत आणि ते पडदा ओलांडू शकत नाही. म्हणून ते ऑक्झॅलोअॅसिटेटशी जुळून सायट्रेट बनते, बाहेर येते आणि एक एटीपी खर्चून पुन्हा मोकळे होते. साखळी वाढत असताना तिला एसीपी नावाचे प्रथिन धरून ठेवते.

दुसरी अडचण इलेक्ट्रॉनांची, आणि मला खरी गंमत इथेच वाटते. पेशीद्रवातले एनएडी बहुतेक रिकामे असते, म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेले. एनएडीपी मात्र बहुतेक भरलेले, म्हणजे द्यायला तयार. त्यामुळे एकाच पेशीत जाळणे आणि बांधणे दोन्ही शक्य होते. एका पामिटिक आम्लाला 14 एनएडीपीएच लागतात. सायट्रेटमधून उरलेले ऑक्झॅलोअॅसिटेट मॅलेट होऊन पायरुवेट बनते, तेव्हा त्यातले जास्तीत जास्त 8 मिळतात. बाकीचे ग्लुकोजच्या पेंटोज फॉस्फेट मार्गातून येतात.

नवे मेदाम्ल बनताच लगेच जळून का जात नाही?

बांधणीच्या पहिल्याच पायरीत मॅलोनिल-कोए तयार होते आणि तेच सीपीटी-1 ला रोखते. बांधकाम सुरू असेपर्यंत लांब साखळीला आत प्रवेश नाही. उपासात इन्शुलिन उतरते, मॅलोनिल-कोए घटते आणि वाट मोकळी होते.

आणि सीपीटी-1 जन्मतःच निकामी असेल तर?

असे बाळ एरवी ठीक दिसते. तापात किंवा उलट्यांत खाणे सुटले की त्याची रक्तशर्करा कोसळते. शर्करा उतरली की यकृताने मेद जाळून कीटोन बनवायला हवेत, पण इथे कीटोनही अगदी कमी सापडतात. या जोडीवरूनच डॉक्टरांना मेद जाळण्यातल्या दोषाचा संशय येतो. अशा मुलांना फार वेळ उपाशी ठेवत नाहीत. आहारात मध्यम साखळीचे मेद देतात, कारण त्या साखळ्या कार्निटिनवाचूनही मायटोकॉन्ड्रियात शिरतात.