शनिवार की रविवार?

चौकातल्या खांबावर, सोसायटीच्या सूचनाफलकावर आणि व्हॉट्सॲपवर एकाच वेळी झळकणारं रक्तदान शिबिराचं पोस्टर बहुतेक वेळा एका रात्रीत तयार होतं. कार्यकर्ते मजकूर सांगतात, एक जण तो मोबाइलवर लिहून डीटीपीवाल्याला पाठवतो, तासाभरात डिझाइन ग्रुपवर येतं आणि चारपाच अंगठे उठले की छपाई सुरू. या घाईत कोणीतरी स्पेलिंग पाहतं, कोणीतरी फोटो पाहतं. ज्याला मंडळ कुठं आहे हेच ठाऊक नाही, अशा माणसाच्या नजरेनं मात्र कोणीच वाचत नाही.

अशा पोस्टरांवर नेहमी दिसणाऱ्या ओळी एकत्र करून एक मसुदा समोर ठेवू. शिबीर २०२६ सालचं आहे असं धरू.

भव्य!! दिव्य!! रक्तदान शिबीर!!!
रक्तदान हेच जीवनदान!!
जागतिक रक्तदाता दिनानिमित्त
शनिवार दि. १४ जून, सकाळी ९ वा.
स्थळ : मंडळाचे सभागृह, शिवाजी चौक
सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे ही नम्र विनंती!
आपले नम्र : अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व कार्यकर्ते

पहिल्या वाचनात यात काही खटकत नाही. दिवस आहे, तारीख आहे, वेळ आहे, जागाही आहे. चूक शोधायची तर मजकूर सलग वाचून उपयोग नाही. त्याला प्रश्न विचारावे लागतात आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जिथं सापडेल तिथं पेन्सिलीनं गोल करावा लागतो. काय, कधी सुरू, कधी संपणार, नेमकं कुठं, अडलं तर कोणाला विचारायचं, हे ते पाच प्रश्न. ज्याला गोल मिळत नाही, ती माहिती पोस्टरवर नाही. कार्यकर्त्यांच्या डोक्यात ती असते, म्हणून त्यांना उणीव जाणवत नाही.

आधी ‘कधी’ पाहू. १४ जून हा रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक रक्तदाता दिनाची तारीख दरवर्षी तीच असते. वार मात्र सरकतो. २०२५ मध्ये १४ जून शनिवारी होता, २०२६ मध्ये तो रविवारी आहे. आपल्या मसुद्यातला शनिवार कुठून आला हे ओळखणं अवघड नाही. डीटीपीवाल्यानं गेल्या वर्षीची फाइल उघडली, फोटो बदलले, नावं बदलली आणि तारखेची ओळ जशीच्या तशी राहिली, कारण तारीख तर तीच होती! आता काही जण वारावर विसंबून शनिवारी, १३ तारखेला येणार, काही जण तारीख धरून रविवारी येणार. १४ जून पुन्हा शनिवारी येईल तो थेट २०३१ मध्ये. म्हणून तारीख आणि वार कॅलेंडर उघडून, बोट ठेवून जुळवायचे. आठवणीवर सोडायचे नाहीत. पोस्टरवर वार लिहिण्याचा मोठा फायदा हाच की तारीख चुकली तर तो तिची चुगली करतो.

सालाची गोष्ट त्याहून साधी आहे आणि तीच सर्रास राहून जाते. खांबावरचा फ्लेक्स कार्यक्रमानंतर उतरतो, व्हॉट्सॲपवरचं चित्र उतरत नाही. पुढच्या जूनमध्ये कोणीतरी चांगल्या हेतूनं तेच पुन्हा पाठवतं आणि साल नसल्यामुळे ते जुनं असल्याचं कोणाला कळत नाही. ‘या रविवारी’, ‘उद्या’ हे शब्दही याच कारणानं पोस्टरवर नकोत.

उत्सवाच्या पोस्टरवर तिथी लिहिण्याची आपली पद्धत आहे आणि ती जरूर राहावी. पण नुसती तिथी पुरत नाही. तिथी रात्री बारा वाजता बदलत नाही. दुपारी किंवा संध्याकाळीही बदलते, त्यामुळे एकच तिथी दोन तारखांवर पसरलेली असते. तिच्या शेजारी इंग्रजी तारीख हवीच. ‘रात्री १२ वा.’ हा असाच आणखी एक सापळा. शुक्रवारची मध्यरात्र म्हणजे शुक्रवार सुरू होताना की संपताना, यावर घरोघरी वाद होतो. ‘शुक्रवारी रात्री ११ पासून’ असं लिहिलं की वाद मिटतो.

आपल्या मसुद्यात वेळेची आणखी एक उणीव आहे : शिबीर संपणार कधी? व्याख्यानाला सुरुवातीची वेळ पुरते, कारण सगळे एकदम येतात. रक्तदानाला लोक आपल्या सवडीनं येतात. दुकान बंद करून दोन वाजता येऊ शकणारा माणूस ‘सकाळी ९ वा.’ वाचतो आणि आपलं जमणार नाही असं धरून सोडून देतो. ‘सकाळी ९ ते दुपारी ३’ एवढ्या बदलानं तो परत मिळतो.

आता जागा. शिवाजी चौक कोल्हापुरात आहे, कल्याणमध्ये आहे, हिंजवडीत आहे आणि महाराष्ट्रातल्या आणखी कितीतरी गावांत आहे. दत्त मंदिर, मारुती मंदिर, आंबेडकर नगर यांचंही तसंच. चौकातल्या फ्लेक्सवर गावाचं नाव नसलं तरी चालून जातं, कारण फ्लेक्स त्याच गावात उभा असतो. तेच चित्र फोनवर गेलं की गाव मागे राहतं. ‘मंडळाचे सभागृह’ या शब्दांत तर कोणतं मंडळ हेही नाही; ते वर बोधचिन्हात बारीक अक्षरांत असतं आणि चिन्ह वाचण्याची सवय कोणाला नसते. जागेच्या ओळीत चार गोष्टी लागतात. इमारतीचं नाव आणि मजला, रस्ता किंवा चौक, सहज दिसणारी एखादी खूण, आणि गाव. खूण अशी निवडावी की रिक्षावाल्याला सांगता येईल. ‘जुन्या टॉकीजसमोर’ ही खूण टॉकीज पाडून दहा वर्षं झाल्यावर फक्त जुन्या रहिवाशांच्या कामाची उरते.

संपर्क मसुद्यात नाहीच. ‘अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व कार्यकर्ते’ ही ओळ संपर्कासारखी दिसते, म्हणून डोळा फसतो. रक्तदान करू इच्छिणाऱ्यांना शंका असतात. मधुमेहाची गोळी चालू आहे, चालेल का? गेल्या महिन्यात टॅटू काढलाय, येऊ का? मागचं रक्तदान तीन महिन्यांपूर्वीच झालंय, इतक्यात पुन्हा चालतं का? नंबर नसेल तर शंका असलेला माणूस घरीच थांबतो. नंबर अध्यक्षांचा असण्यापेक्षा त्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचा असावा, सोबत त्याचं नाव असावं आणि तो छापायला त्याची परवानगी घेतलेली असावी. एकदा फिरलेलं चित्र परत घेता येत नाही, म्हणून ही परवानगी नुसता उपचार नव्हे. दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत लिहिले की चूक लवकर दिसते. शिबीर कोणत्या रक्तकेंद्राच्या सहकार्यानं आहे, तेही लिहावं. अनुभवी रक्तदाते ते नाव शोधतात.

मजकूर भरला तरी अर्धंच काम होतं. मसुद्यात तब्बल दहा उद्गारचिन्हं आहेत आणि त्यातलं एकही तारखेकडे बोट दाखवत नाही. इंग्रजीत कॅपिटल अक्षरं असतात, देवनागरीत ती सोय नाही. त्यामुळे मराठी पोस्टरवर जोर द्यायला आकार, जाडी, रंग आणि चिन्हं एवढीच साधनं उरतात आणि हौसेनं ती सगळी एकाच ओळीवर खर्च होतात : जाड अक्षर, लाल रंग, पिवळी किनार, काळी सावली आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. देवनागरीला ही किनार फार महागात पडते. जाड टाइपाला बाह्यरेषा दिली की अक्षरांतल्या बारीक गाठी बुजतात. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक नाहीसा होतो, अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो, आणि काही नक्षीदार टाइपांत १ आणि ९ लांबून सारखेच दिसू लागतात. तारखेत आणि फोन नंबरात हे परवडत नाही.

यावर तपासाची साधी रीत आहे. पोस्टर हातभर लांब धरून डोळे अर्धवट मिटायचे. जे तेवढ्यातही दिसतं, ते पोस्टर ओरडून सांगतंय. आपल्या मसुद्यात ‘भव्य’ दिसेल, फोटो दिसतील. तारीख दिसणार नाही. मग सगळा जोर काढून टाकायचा, सगळ्या ओळी साध्या करायच्या आणि फक्त तीन ठिकाणी जोर परत द्यायचा : कार्यक्रमाचं नाव, तारीख-वेळ, जागा. चौथी ओळ ठळक करायचा मोह झाला तर आधीच्या तिघींपैकी एक साधी करावी लागेल, असा नियम घालून घ्यावा. ‘भव्य’ आणि ‘दिव्य’ काढल्यानं शिबीर लहान होत नाही.

नावांचा प्रश्न नाजूक असतो. वर्गणी देणारे, जागा देणारे, रात्रभर राबणारे यांची नावं पोस्टरवर असण्यात गैर काही नाही. मंडळं त्यांच्यावरच चालतात. पण ती खालच्या पट्टीत, सगळी एकाच आकारात असावीत. एकाचं नाव मोठं केलं की दुसऱ्याचंही करावं लागतं आणि तारीख आणखी खाली सरकते. तिथंच संपर्काचा नंबर असेल तर तो आणखी बारीक होतो. व्हॉट्सॲप चित्र पाठवताना ते दाबून लहान करतं, आणि तळाची बारीक ओळ त्यात आधी धूसर होते.

हे सगळं केल्यावर मसुदा असा होतो.

रक्तदान शिबीर
रविवार, १४ जून २०२६ | सकाळी ९ ते दुपारी ३
स्थळ : मंडळाचे पूर्ण नाव, सभागृह, पहिला मजला, शिवाजी चौक, टपाल कार्यालयासमोर, गावाचे नाव
वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. पोटभर खाऊन यावे.
सहकार्य : रक्तकेंद्राचे नाव
नोंदणी व शंका : कार्यकर्त्याचे नाव, मोबाइल नंबर

शब्द फार वाढले नाहीत, पण आता पाचही प्रश्नांना गोल पडतो. वय आणि वजनाच्या ओळीमुळे निम्मे फोन वाचतात; उरलेल्या शंकांसाठी नंबर आहे, आणि अंतिम तपासणी शिबिरातले डॉक्टरच करतात.

शेवटचा धोका छपाईच्या टेबलावर असतो. व्हॉट्सॲपवरचा युनिकोड मजकूर जुन्या पद्धतीच्या टाइपात नेताना जोडाक्षरं मोडतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला लागते, म्हणून अनेक ऑपरेटर मजकूर पुन्हा टाइप करतात. म्हणजे पाठवलेला मजकूर बरोबर होता याला काहीच अर्थ उरत नाही. वाचायचं ते छापायला जाणारं अंतिम चित्रच, आणि तेही मंडळाबाहेरच्या माणसाकडून. त्याला ते पाच सेकंद दाखवावं, फोन उलटा ठेवावा आणि विचारावं : काय आहे, कधी, कुठं? तो अडखळला तर त्याची चूक काढू नका, पोस्टर दुरुस्त करा. आणि होकार देण्याआधी त्या चित्रावरचा मोबाइल नंबर दुसऱ्या फोनवरून आकडा आकडा वाचत लावून पाहा; पलीकडे कोण उचलतं ते ऐका.