सर, मेल बघितलात का?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला नोव्हेंबर म्हणजे एलओआरचा सीझन. परदेशातल्या मास्टर्सच्या ॲडमिशनसाठी प्रोफेसरांचं शिफारसपत्र लागतं, त्यासाठी छान मेल लिहून पाठवला जातो आणि मग... काहीच नाही. चार दिवसांनी जीमेल स्वतःच तो मेल वर आणून विचारतं, "Sent 4 days ago. Follow up?" आता पुन्हा लिहायचं तर काय लिहायचं? सरांना राग आला तर पत्रच जायचं!

आधी सरांच्या बाजूने बघू. नोव्हेंबरमध्ये ओरल्स असतात, पेपर तपासणी असते, वर नॅकच्या फाइल्स. शिवाय एलओआरचा मेल दोन ओळींत उत्तर देऊन संपत नाही. तो वाचला की पत्र लिहायला बसावं लागतं. त्यामुळे बरेच जण तो वाचतात, "रविवारी बघू" म्हणतात आणि तो खाली सरकतो. म्हणजे उत्तर न येण्याचा अर्थ बहुतेक वेळा नकार नसतो, काम पुढे ढकललं गेलेलं असतं. रिमाइंडरने हेच काम हलकं करायचं.

समजा, एका मुलीने १८ नोव्हेंबरला मेल केला आणि पत्र अपलोड करायची शेवटची तारीख १५ डिसेंबर आहे. २० तारखेलाच आठवण करणं म्हणजे घाई. १० डिसेंबरला केली तर सरांच्या हातात पाचच दिवस उरतात. साधारण आठवडाभर थांबून, २६ नोव्हेंबरच्या आसपास, सकाळी कॉलेजच्या वेळेत लिहिणं बरं. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर "सर, मेल बघितलात का?" नको. ब्लू टिक आली आणि उत्तर नाही आलं, तर आपलीच झोप जाते.

नवा मेल लिहायचा नाही. आपल्याच पाठवलेल्या मेलवर Reply दाबलं की जीमेल तो सरांनाच पाठवतं आणि जुना मजकूर खाली राहतो. विषय मात्र बदलायचा नाही, नाहीतर वेगळाच थ्रेड तयार होतो. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: Reply केल्यावर जुन्या अटॅचमेंट्स सोबत जात नाहीत. सीव्ही पुन्हा जोडावाच लागतो.

खरी गोम भाषेत आहे. "आपलं अजून उत्तर आलेलं नाही" या वाक्यातला 'अजून' आरोप करतो. "कदाचित आपल्या नजरेतून सुटलं असेल" हे नम्र वाटतं, पण चूक सरांच्याच नजरेची ठरवतं. "लवकरात लवकर कळवावे" तर थेट नोटीस बोर्डावरचं. आणि इंग्रजीतलं "ॲज पर माय प्रिव्हियस मेल"? ते ऑफिसातल्या भांडणासाठी राखून ठेवा. सोपी युक्ती अशी, की सरांनी काय केलं नाही हे सांगणारं वाक्यच लिहायचं नाही. वाक्यात मेल, तारीख आणि मी एवढंच ठेवायचं. म्हणजे साधारण असं:

"नमस्कार सर, शिफारसपत्राबद्दल मी १८ नोव्हेंबरला लिहिलं होतं, तो मेल खाली आहेच. पत्र अपलोड करण्याची शेवटची तारीख १५ डिसेंबर आहे. विद्यापीठाची लिंक आपल्याला वेगळ्या मेलने येईल, ती कधी कधी स्पॅममध्ये जाते. सीव्ही आणि आपल्याकडे केलेल्या प्रोजेक्टचा एक पानी सारांश पुन्हा जोडला आहे. सध्याच्या गडबडीत जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल, मी दुसऱ्या सरांना विचारेन."

तारीख स्वतःच घाई सांगते, आपल्याला वेगळं 'अर्जंट' लिहावं लागत नाही. स्पॅमचं वाक्य खरोखर उपयोगी आहे. पोर्टलची लिंक आपोआप जाणाऱ्या मेलने येते आणि सर मनापासून तयार असूनही पत्र तिथेच अडकू शकतं. बऱ्याच पोर्टलवर रिमाइंडर पाठवायचं बटण असतं, पण स्वतः दोन ओळी लिहिल्याशिवाय ते दाबू नये. सरांना मिळतं ते मशीनचं कोरडं पत्र, आणि त्यावर नाव आपलं.

शेवटचं वाक्य लिहायला जड जातं. मात्र 'नाही' म्हणायची वाट मोकळी ठेवली की उत्तर येण्याची शक्यता वाढते, असं मला वाटतं. आणि नाइलाजाने लिहिलेलं, ओळख नसल्यासारखं पत्र तसंही कामाचं नाही.

तरीही शांतता? मग ३ डिसेंबरच्या सुमारास आणखी एक, याहून छोटा मेल, किंवा सरळ स्टाफ रूमच्या दारात "सर, दोन मिनिटं आहेत का?" तिसरा मेल लिहीत बसण्यापेक्षा त्याच दिवशी दुसऱ्या प्रोफेसरांना विचारावं. ते हो म्हणाले, तर पहिल्या सरांनाही कळवायचं: "पत्राची सोय झाली आहे, आपण आता त्रास घेऊ नये." नाहीतर नेमकं त्याच रविवारी सर पत्र लिहायला बसायचे.