पैसे एकाचे, फोटो सहा जणांचे

समजा, पुण्यातल्या थोरल्या भावाने गूगल वनची २०० जीबीची योजना घेतली आणि सोलापूरच्या आईवडिलांना, धाकट्याला आणि ताईला त्यात सामील करून घेतलं. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये जास्तीत जास्त सहा जण बसतात. मॅनेजर एक आणि सदस्य पाच. त्यामुळे धाकट्याचं लग्न झालं, वहिनी आली, की ग्रुप भरला. आता वहिनीच्या भावालाही घ्यायचं, तर कुणाला तरी बाहेर पडावं लागणार. ताई म्हणते, "मी निघते, माझं काही अडत नाही."

अडतं ते इथेच. ताईच्या खात्यात फोटो आणि मेल मिळून ६२ जीबी साठले आहेत. त्यातले १५ जीबी तिचे स्वतःचे, फुकटचे. वरचे ४७ जीबी भावाच्या योजनेतून आलेले. ती ग्रुपमधून बाहेर पडली की एकही फोटो लगेच पुसला जात नाही, पण नवे फोटो चढणं थांबतं आणि जीमेलवर मेल येणं बंद होतं. बँकेचं स्टेटमेंट तिच्यापर्यंत पोचतच नाही आणि ते का येत नाही, हे तिला उशिरा कळतं. दोन वर्षं खातं असंच मर्यादेपलीकडे राहिलं, तर गूगल त्यातली माहिती काढून टाकू शकतं.

म्हणून निघण्याआधी तिने one.google.com वर स्वतःचा वापर पाहावा. १५ जीबीच्या वर असेल तर जुने व्हिडिओ हार्ड डिस्कवर उतरवावेत, नाहीतर बाहेर पडल्या दिवशीच स्वतःची १०० जीबीची योजना घ्यावी. ती नवऱ्याच्या ग्रुपमध्ये गेली तरी चालतं, पण हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा, कारण एका ग्रुपमधून दुसऱ्यात जाण्याची मुभा बारा महिन्यांतून एकदाच मिळते. चुकलं म्हणून लगेच माहेरच्या ग्रुपमध्ये परतता येत नाही.

भावालाच मॅनेजरपद सोडायचं असेल, तर गुंता आणखी वाढतो. ते पद दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जुना ग्रुप मोडायचा, मग वडिलांनी नवा काढायचा आणि सगळ्यांना पुन्हा बोलवायचं. त्या मधल्या काळात योजना घेणारा भाऊ सोडून बाकी प्रत्येक जण आपापल्या १५ जीबीवर येतो. फक्त जागा वाटून देणं थांबवायचं असेल, तर ग्रुप मोडायची गरज नाही. मॅनेजरला सेटिंगमध्ये तेवढंच बंद करता येतं.

आणि पैसे? भावाने नोंदवलेला यूपीआय ऑटोपे वडिलांच्या खात्यावरचा असेल, तर पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना वडिलांना येते. घाबरून ते बँकेच्या ॲपमधून ऑटोपे रद्द करतात. पण त्यामुळे एकटी ताई बाहेर पडत नाही. पुढचा हप्ता अडतो आणि काही दिवसांत सहाही जणांची वाढीव जागा जाते. योजना रीतसर बंद करायची, तर भावाच्याच खात्यातून करावी लागते. त्याने ती आयफोनवरून ऍपलमार्फत घेतली असेल, तर ऍपलच्या सबस्क्रिप्शन यादीतून. तशी रद्द केली, की पैसे भरलेला महिना संपेपर्यंत जागा मिळत राहते आणि ताईला फोटो उतरवायला तेवढे दिवस हाती राहतात.