शनीची एकतर्फी नजर

या रे, बसा जवळ. शनीनं नुसतं पाहिलं आणि बाळ गणपतीचं शिर उडालं, ही पुराणातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तीच नजर ज्योतिषांनी मोजायला घेतली. कशी, ते बोटांवर बघू.

अंगठा सोडून चार बोटांची पेरं मोजा. बारा ना? राशीही बाराच. २०२५ च्या पावसाळ्यात शनी मीन राशीत होता, तर मीनेलाच ‘एक’ म्हणा. पुष्कळजण इथंच फसतात. मेषेपासून मोजायला लागले की सगळं एक घर पुढं सरकतं. मीन एक, मेष दोन, वृषभ तीन... असं करत कन्या येते सातवी, बरोबर समोरची. सातव्या घरावर सगळ्याच ग्रहांची पूर्ण दृष्टी असते.

ही सातवी दृष्टी आभाळात खरंच दिसते बरं का. २१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावास्या. सूर्य कन्येत, शनी मीनेत. मधे आपली पृथ्वी. सूर्य मावळला तसा पूर्वेला शनी उगवला, मध्यरात्री डोक्याच्या जवळपास आला आणि पहाटे मावळला. खगोलवाले याला प्रतियुती म्हणतात.

पण वराहमिहिराच्या बृहज्जातकात सातव्याखेरीज आणखी नजरा आहेत. तिसऱ्या-दहाव्या घरावर ग्रहाची पाव दृष्टी, पाचव्या-नवव्यावर अर्धी, चौथ्या-आठव्यावर पाऊण. आता गंमत ऐका. इतरांची जिथं पाव, तिथं शनीची पूर्ण. अर्धीच्या जागी गुरूची पूर्ण, पाऊणच्या जागी मंगळाची.

म्हणजे मीनेतला शनी कन्येबरोबर वृषभ आणि धनूही पुरती बघतो. तेव्हा गुरू मिथुनेत होता. मिथुनेपासून मोजा: तूळ पाचवी, धनू सातवी, कुंभ नववी. धनूवर दोघांची नजर पडली. अशा वेळी ज्योतिषी शनीचा धाक आणि गुरूचा आधार एकत्र तोलतात, आणि दोन ज्योतिषांचा तोल सहसा जुळत नाही.

आता समजा, वृषभेत मंगळ आहे. मीनेतून शनी त्याला पूर्ण बघतोय. मंगळाच्या जागेवरून मोजा: वृषभ एक, मिथुन दोन... मीन अकरावी! अकराव्या घरावर मंगळाची दृष्टीच नाही. शनीला मंगळ दिसतो, पण मंगळाला शनी दिसत नाही.

उजेड असा वागत नाही. मी तुला पाहू शकतो तर तूही मला पाहू शकतोस, मधे काही आडवं नसलं म्हणजे झालं. ग्रहाचा उजेड तर चहूकडे जातो, घरं मोजत बसत नाही. म्हणून दुर्बिणीत शनीची कडी दिसतील, त्याची तिसरी दृष्टी कधी दिसायची नाही. ती पंचांग उघडून पेरांवरच मोजायची.